संहिताच अशी लिहावी की ओळी जशाच्या तशा सबटायटल म्हणून लावता येतील: हे कसे साधावे?

घाटमाथा

मी आणि माझे दोन मित्र सह्याद्रीतील जुन्या घाटवाटांवर लहान माहितीपट करतो. निवेदन मराठीत असते आणि सबटायटलही मराठीतच द्यायची असतात, कारण बरेच लोक मोबाईलवर आवाज बंद ठेवून पाहतात आणि काहींना ऐकूच येत नाही. आतापर्यंत आम्ही आधी निवेदनाची संहिता परिच्छेदांत लिहीत होतो, ती ध्वनिमुद्रित करत होतो आणि शेवटी तोच मजकूर एका सॉफ्टवेअरला देऊन त्याच्याकडून ओळी पाडून घेत होतो. सॉफ्टवेअरला एवढेच सांगितलेले असते, की एका ओळीत 42 पेक्षा जास्त चिन्हे नकोत आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त ओळी नकोत. नाणेघाटावरच्या भागातील एका वाक्याचे त्याने काय केले ते पाहा. रिकाम्या ओळीने वेगळा केलेला प्रत्येक तुकडा पडद्यावर एका वेळी दिसतो.

जुन्नरच्या पश्चिमेला असलेल्या आणि दोन हजार
वर्षांपूर्वी बैलांच्या तांड्यांनी

गजबजलेल्या नाणेघाटाच्या तोंडाशी ठेवलेल्या
दगडी रांजणात जकात टाकल्याशिवाय

व्यापाऱ्यांना कोकणात उतरता येत नसे, असे
सांगितले जाते.

हे वाचताना आपण धापा टाकत घाट चढत आहोत असे वाटते. म्हणून माझा प्रश्न असा आहे, की संहिता लिहितानाच ओळी अशा पाडता येतील का, की तीच प्रत निवेदकाच्या हाती देता येईल आणि तीच पुढे सबटायटल म्हणून लावता येईल? कोणी असे केले आहे का?

स्वल्पविराम

यात अवघड काहीच नाही. आपल्याकडे विरामचिन्हे उगाच दिलेली नाहीत. जेथे स्वल्पविराम आहे तेथे ओळ तोडावी आणि जेथे पूर्णविराम आहे तेथे तुकडा संपवावा. तुमच्या वाक्यात एकच स्वल्पविराम आहे आणि सगळा घोळ तेथेच आहे. लांब वाक्यात चार स्वल्पविराम टाका, म्हणजे सॉफ्टवेअरही सरळ वागेल.

सातासमुद्रापार

आमच्या न्यू जर्सीच्या मंडळात गेल्या वर्षी एक मराठी नाटक झाले, तेव्हा मुलांसाठी रंगमंचाच्या वर इंग्रजी ओळी दाखवल्या होत्या. सर्वांत मोठी अडचण अशी आली, की मराठी विनोदाचा मारा शेवटच्या शब्दात असतो आणि इंग्रजीत तो आधीच वाचला जातो, त्यामुळे मुले नटाच्या आधी हसत होती. भाषांतर शक्यतो नट ज्या क्रमाने बोलतो त्याच क्रमाने करावे, असा माझा सल्ला आहे.

घाटमाथा

सातासमुद्रापार, आमच्याकडे भाषांतर नाही, जी भाषा ऐकू येते तीच पडद्यावर दिसते. पण मुले नटाच्या आधी हसतात हा मुद्दा मनात ठेवला आहे.

टाईमकोड

मी बारा-तेरा वर्षे संकलन करते आणि त्यातील बराच वेळ सबटायटलांत जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

घाटमाथा, ओळी चुकीच्या जागी तुटल्या हे खरे आहे, पण तुमचे वाक्य सॉफ्टवेअरऐवजी मला दिले असते तरी मला ते नीट तोडता आले नसते. कारण त्यात तोडण्यासारखी जागाच नाही. मराठीत विशेषण आधी आणि नाम नंतर येते. तुम्ही नाणेघाटाच्या आधी “असलेल्या” आणि “गजबजलेल्या” अशी दोन धातुसाधिते लावली आहेत आणि रांजणाच्या आधी “ठेवलेल्या” लावले आहे. कागदावर वाचणारा नजर पुढे टाकून नाम शोधतो आणि मागे येतो. पडद्यावरच्या वाचकाला तशी सोय नसते. पहिला तुकडा संपतो तेव्हा त्याच्या हाती जुन्नर, दोन हजार वर्षे आणि बैलांचे तांडे आलेले असतात, पण हे सगळे कशाबद्दल चालले आहे ते आलेले नसते. नाणेघाट हा शब्द दिसतो तोपर्यंत पहिला तुकडा पडद्यावरून गेलेला असतो.

म्हणून मी संहिता लिहिणाऱ्यांना ओळी पाडायला नंतर सांगते. आधी वाक्य असे मांडायला सांगते, की प्रत्येक तुकड्यात एक नाम आणि त्याचे एक क्रियापद पूर्ण व्हावे. तुमचाच मजकूर मी असा लिहीन.

जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे.

दोन हजार वर्षांपूर्वी
बैलांचे तांडे याच घाटातून कोकणात उतरत.

घाटाच्या तोंडाशी हा दगडी रांजण आहे.

असे सांगतात, की यात जकात टाकल्याशिवाय
व्यापाऱ्यांना पुढे जाता येत नसे.

माहिती तीच आहे. “गजबजलेल्या” हा एकच शब्द गेला आणि त्याची जागा तुमचे चित्र भरून काढील. “ठेवलेल्या” ऐवजी “हा” आला, कारण तुमचा कॅमेरा तेथे रांजणावरच असणार.

शेवटच्या तुकड्याकडे लक्ष द्या. तुम्ही “असे सांगितले जाते” हे वाक्याच्या शेपटीला लावले होते. तुमच्या मांडणीत जकातीची गोष्ट आधी ठाम विधान म्हणून वाचली जाते आणि नंतर ती ऐकीव असल्याचे कळते. सांगोवांगीची गोष्ट असेल तर “असे सांगतात, की” हे पुढे घ्यावे. मराठीत दोन्ही रचना सहज चालतात, म्हणून पडद्यासाठी कोणती घ्यायची ते लिहितानाच ठरवावे.

स्वल्पविराम, तुमचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. पूर्णविरामाला तुकडा संपावा हे मान्य. पण याच उदाहरणात “असे सांगतात,” नंतर स्वल्पविराम आहे आणि तेथे ओळ तोडली तर एका ओळीत दोन शब्द राहतील आणि दुसरी ओळ रुंदीत मावणार नाही. “तांदूळ, नाचणी, वरी” असे आले तर तीन ओळी पाडणार का?

स्वल्पविराम

नाही पाडणार. पण “की” च्या आधीच्या स्वल्पविरामाला काही अर्थच नसतो असेही नाही.

टाईमकोड

अर्थ असतो. पुढचे उपवाक्य एका ओळीत मावत असेल तर मी तेथेच तोडते, आणि तेव्हा “की” खालच्या ओळीच्या सुरुवातीला ठेवते. “आणि”, “पण”, “म्हणून”, “तेव्हा” यांचेही तसेच. ओळीच्या शेवटी एकटा “पण” लटकत राहिला, की वाचणारा त्याला आधीच्या वाक्याशी जोडतो.

निःशब्द

मला लहानपणापासून ऐकू येत नाही. मी सबटायटलांवरच जगतो, म्हणून एक गोष्ट सांगतो, जी ऐकणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. मराठीत नकार शेवटी येतो. “हे पाणी पिण्यासाठी वापरता येते” असा एक तुकडा दिसतो आणि “असे समजू नये” हे पुढच्या तुकड्यात येते. ऐकणाऱ्याला निवेदकाच्या सुरावरून कळते, की वाक्य अजून संपलेले नाही. मला सूर नाही. मी आधी होकार वाचतो, त्यावर विश्वास ठेवतो, चित्राकडे पाहतो आणि मग माझ्या समजुतीवर बोळा फिरवला जातो. अर्ध्या तासाच्या माहितीपटात असे पाच-सहा वेळा झाले, की मी तो बंद करतो.

एकाच तुकड्याच्या वरच्या आणि खालच्या ओळीत नकार विभागला गेला तर मला फारसा त्रास होत नाही, कारण दोन्ही ओळी एकदम दिसतात. तुकडा बदलताना नकार मागे राहिला तर त्रास होतो. टाईमकोड यांच्या शेवटच्या तुकड्यात “येत नसे” खालच्या ओळीत आहे, ते मला चालते.

चहाटळ

आमच्या लग्नाच्या चित्रफितीत “मुलीकडच्यांनी काहीही कमी” हा एक तुकडा होता आणि “पडू दिले नाही” हा दुसरा. मधल्या दोन सेकंदांत सासरेबुवांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आवाजी

मी निवेदन करतो आणि मूळ प्रश्नातील एका गृहीताला माझा विरोध आहे. तीच प्रत निवेदकाला देऊ नका.

एका माहितीपटासाठी मला अशीच ओळी पाडलेली संहिता दिली होती. एक ओळ, मग रिकामी जागा, मग दुसरी ओळ. मी अनुभवी आहे असे समजतो, पण डोळ्यांना ओळ संपलेली दिसली, की आवाज आपोआप खाली येतो. “दोन हजार वर्षांपूर्वी” याच्या शेवटी आवाज वर राहायला हवा, कारण वाक्य पुढे जायचे आहे, आणि ओळ तुटलेली असली, की तो पडतो. सगळे निवेदन शाळेत कविता पाठ म्हणून दाखवल्यासारखे झाले आणि अर्ध्याहून अधिक पुन्हा मुद्रित करावे लागले. त्या दिवसाचे स्टुडिओचे भाडे मात्र मला कोणी दिले नाही.

डोळ्यांसाठीची ओळ आणि श्वासासाठीची ओळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी बैलांच्या तांड्यांचे वाक्य सबंध एका श्वासात बोलतो. पडद्यावर ते दोन ओळींत असेल, पण माझ्यासाठी ती एकच ओळ आहे.

घाटमाथा

आवाजी, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आमच्या मागच्या भागाचे निवेदन मीच केले होते आणि ते रडके झाले असे मित्र म्हणाले होते. मी तेव्हा सर्दीवर ढकलले.

खटपट्या

यावर सोपा उपाय आहे. संहिता परिच्छेदातच ठेवा आणि ओळींच्या जागी खुणा घाला. मी एका तिरक्या रेषेचा अर्थ “त्याच तुकड्यात खालची ओळ” आणि दोन तिरक्या रेषांचा अर्थ “नवा तुकडा” असा ठरवला आहे.

```
दोन हजार वर्षांपूर्वी / बैलांचे तांडे याच घाटातून कोकणात उतरत. // घाटाच्या तोंडाशी हा दगडी रांजण आहे.
```

निवेदक हे सलग वाचतो. सबटायटलांसाठी लिनक्सवर एक आज्ञा दिली, की झाले.

```
sed 's| *// *|\n|g; s| */ *|\\N|g' samhita.txt > tukde.txt
```

दोन रेषांच्या जागी नवी ओळ येते आणि एका रेषेच्या जागी `\N` येते. मी `tukde.txt` ही फाईल `Aegisub` मध्ये उघडतो. साधी मजकुराची फाईल उघडली, की ते प्रत्येक ओळीचे एक सबटायटल करते, आणि `\N` म्हणजे खालची ओळ हे त्याला ठाऊक असते. मग आवाज ऐकत वेळा लावायच्या आणि शेवटी `SRT` म्हणून फाईल काढायची.

यात मी दोनदा फसलो आहे. पहिल्यांदा संहितेत 26/11 असे लिहिलेले होते आणि पडद्यावर वर 26 आणि खाली 11 आले. तेव्हापासून तारखा अक्षरांत लिहितो. दुसऱ्यांदा “नाणेघाट: एक व्यापारी मार्ग” अशा थाटाची एक ओळ होती आणि पडद्यावर फक्त “एक व्यापारी मार्ग” उरले. फाईल उघडताना ते सॉफ्टवेअर पात्राचे नाव कोणत्या चिन्हाने वेगळे केले आहे ते विचारते आणि तेथे आधीपासून अपूर्णविराम भरलेला असतो. त्याला वाटले, की नाणेघाट नावाचे कोणी पात्र बोलत आहे.

आवाजी

खटपट्या, हे मला चालेल. एक रेष मी दुर्लक्षाने ओलांडीन आणि दोन रेषांना किंचित थांबेन. असे थांबणे संकलनालाही सोयीचे असावे.

टाईमकोड

फार सोयीचे आहे. निवेदक दोन तुकड्यांच्या मध्ये श्वासभर थांबला, तर आधीचा तुकडा त्या फटीत काढता येतो आणि पुढचा त्याच्या पहिल्या शब्दाबरोबर आणता येतो. न थांबता बोलला तर एका शब्दाची शेपटी दुसऱ्या तुकड्यावर जाते.

मात्रावृत्त

मला या विषयातील तांत्रिक भाग कळत नाही, पण अक्षरे मोजण्याची सवय आहे. अभंगात आपण सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे मोजतो आणि प्रत्येक चरण आपोआप एका दमात येतो. ही चरणांची बेतलेली लांबी आपल्या कानांत शतकानुशतके आहे. मग 42 हा आकडा कोठून आला? मी “बैलांचे तांडे याच घाटातून कोकणात उतरत” ही ओळ मोजली, तर त्यात 19 अक्षरे भरली. म्हणजे अजून तितकीच मावायला हवीत!

खटपट्या

मात्रावृत्त, तुम्ही मोजता ती अक्षरे आणि सॉफ्टवेअर मोजते ती चिन्हे वेगळी आहेत. संगणकात प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण हे स्वतंत्र चिन्ह असते. हे पाहा.

```
>>> len("स्वातंत्र्य")
11
```

तुमच्या मोजणीने यात तीन अक्षरे आहेत. त्याच न्यायाने बैलांची ओळ जागा आणि पूर्णविराम धरून 38 चिन्हांची आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या जागा मोजल्या तर त्या 25 होतात.

टाईमकोड

42 चा आकडा नेटफ्लिक्ससारख्या कंपन्यांच्या इंग्रजी सबटायटलांच्या नियमावलीत आहे. त्याच नियमावलीत दोन ओळींची मर्यादा आहे आणि एक तुकडा जास्तीत जास्त सात सेकंद ठेवावा असेही आहे. सात सेकंदांचे कारण अनुभवाने पटते. त्याहून जास्त वेळ राहिला तर वाचून झालेला माणूस तोच मजकूर पुन्हा वाचू लागतो.

पण मराठीसाठी चिन्हांची संख्या हे फसवे माप आहे. “स्वातंत्र्य” अकरा चिन्हांचा आणि “मनमाड” पाच चिन्हांचा, पण पडद्यावर दोघांच्या रुंदीत दुपटीचा फरक नसतो. सॉफ्टवेअरने चिन्हे मोजून ओळ तोडली, की जोडाक्षरांची ओळ आखूड दिसते आणि साध्या अक्षरांची लांब. मी शेवटी सगळ्यांत लांब ओळ प्रत्यक्ष फाँट लावून पडद्यावर पाहते. 42 चिन्हे मी वरची हद्द म्हणून ठेवते आणि लेखकाला साधारण सहा शब्दांपर्यंत थांबायला सांगते.

रुंदीपेक्षा उंची जास्त छळते. रोमन लिपीसाठी बेतलेले ओळींतील अंतर देवनागरीला पुरत नाही. वरच्या ओळीतील “पूर्वी” चा दीर्घ ऊकार आणि खालच्या ओळीतील “बैलांचे” च्या मात्रा नेमक्या एकाखाली एक आल्या, की त्या एकमेकांत घुसतात. ओळींतील अंतर वाढवून ठेवले, की हे लेखकाला पाहावे लागत नाही.

उभी_चौकट

आपण सर्वजण आडव्या पडद्याबद्दल बोलत आहात. मी उभ्या चित्रफिती करते. त्यात मोठ्या अक्षरांत एका ओळीला तीन, फार तर चार शब्द मावतात. “बैलांचे तांडे याच घाटातून कोकणात उतरत” याच्या मला दोन ओळी कराव्या लागतात आणि मग “दोन हजार वर्षांपूर्वी” हा वेगळा तुकडा होतो. एकाच संहितेत दोन्ही पडद्यांच्या खुणा कशा घालणार?

खटपट्या

तीन प्रकारच्या रेषा घालून पाहिले होते. संहिता दोरखंडाच्या कुंपणासारखी दिसू लागली आणि निवेदकाने ती परत केली.

टाईमकोड

उभी_चौकट, याला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. वाक्ये लहान असतील तर तुकडे दोन्हीकडे जवळजवळ तेच राहतात आणि फक्त आतील ओळी बदलतात. पण “जवळजवळ” वरच काम अडते. मी उभ्या चौकटीसाठी दुसऱ्यांदा बसते.

स्वल्पविराम

एक वेगळी शंका. संहितेत “असे सांगतात” लिहिले आहे. निवेदक “असं सांगतात” म्हणणार. मग पडद्यावर काय असावे?

आवाजी

मी “असं” च म्हणतो. “असे” म्हटले, की आकाशवाणीच्या बातम्या वाचत आहे असे वाटते.

टाईमकोड

यावर माझे आणि प्रत्येक लेखकाचे भांडण होते. मला ऐकू येते तेच दिसावे असे वाटते. पण सबंध मजकूर अनुस्वारांनी भरला तर तो वाचायला जड जातो, अशीही तक्रार येते. ध्वनिमुद्रणाच्या आधी एक काहीतरी ठरवा आणि भागभर तेच ठेवा, एवढेच मी सांगू शकते.

आकड्यांचेही असेच आहे. संहितेत “1818” लिहिले, तर पडद्यावर ती चार चिन्हे आहेत आणि निवेदक “अठराशे अठरा” म्हणायला त्याहून बराच जास्त वेळ घेतो. अशा ओळी रुंदीत लहान दिसतात, पण वेळेत लांब असतात. “इ. स. पू.” तर त्याहून वाईट, कारण त्यात तीन टिंबे आहेत आणि सॉफ्टवेअर प्रत्येक टिंबाला वाक्य संपले असे समजते.

निःशब्द

मला “असे” चालते आणि “असं” ही चालते. ओठ दिसत नसतील तर फरक पडत नाही. माणूस समोर बोलताना दिसत असेल आणि पडद्यावर वेगळाच शब्द असेल, तर मात्र मी अडखळतो, कारण मी ओठही वाचतो.

घाटमाथा

चार दिवसांनी परत येत आहे. खटपट्या यांच्या खुणा घालून आणि टाईमकोड यांच्या पद्धतीने वाक्ये मांडून नाणेघाटाचा पहिला भाग पुन्हा लिहिला. आवाजी यांचे म्हणणे पटल्यामुळे निवेदनाची प्रत परिच्छेदातच छापली. सर्वांत जास्त वेळ धातुसाधिते काढण्यात गेला. मूळ संहितेच्या दोन पानांत “असलेल्या” हा शब्द चौदा वेळा सापडला. वेळा लावण्याचे काम मात्र पूर्वी एक सबंध रविवार खात असे, ते दुपारपर्यंत संपले, कारण तुकडे पुन्हा तोडावे लागले नाहीत.

एका जागी अडलो आहे. नाणेघाटाच्या लेण्यात नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे आणि त्याच लेण्यात मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. डोक्यावर नावे कोरलेली होती, ती आजही वाचता येतात. मूर्ती मात्र गेल्या आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. कॅमेरा रिकाम्या भिंतीवरून सावकाश खाली पावलांकडे येतो. मी असे लिहिले आहे.

```
या नावांखाली सातवाहन घराण्यातील / व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. // त्या आज दिसत नाहीत. // उरल्या आहेत त्या / पावलांच्या खुणा.
```

निःशब्द

पहिला तुकडा वाचून मी भिंतीवर मूर्ती शोधू लागेन. “होत्या” हा शब्द शेवटी आहे आणि मी तोपर्यंत चित्राकडे वळलेला असेन. जे दिसते ते आधी सांगा. “ही भिंत आज रिकामी आहे” असे पहिल्या तुकड्यात आले, तर मला पुढचे सगळे शांतपणे वाचता येईल.

आवाजी

येथे मी निःशब्द यांच्याशी असहमत आहे आणि हे लिहिताना मला संकोच वाटतो. भिंत रिकामी आहे हे आधीच सांगितले तर “उरल्या आहेत त्या पावलांच्या खुणा” या वाक्याची सगळी हवा जाते. क्रियापद शेवटी येते हीच आपल्या भाषेत गोष्ट सांगणाऱ्याची सोय आहे. श्रोत्याला दोन क्षण मूर्ती शोधू द्याव्यात आणि मग त्या नाहीत हे सांगावे. कॅमेराही तेच करत आहे.

निःशब्द

तुमचा श्रोता शोधतो तेव्हा तुमचा आवाज त्याच्याबरोबर असतो. मी शोधतो तेव्हा माझ्या डोळ्यांना एकाच वेळी दोन कामे असतात, भिंत पाहायची आणि ओळ वाचायची. मी भिंत शोधत राहिलो तर “त्या आज दिसत नाहीत” हा चार शब्दांचा आखूड तुकडा माझ्या नजरेतून सुटेल आणि मी मूर्ती शोधतच राहीन.

सातासमुद्रापार

आमची मुले नटाच्या आधी हसत होती, येथे प्रेक्षक निवेदकाच्या मागे राहतो. दुखणे एकच दिसते.

टाईमकोड

मला दोघांचेही पटते, म्हणून शब्दांऐवजी वेळेत उपाय शोधते. पहिला तुकडा कॅमेरा वर, नावांवर असतानाच येऊ द्या आणि संपू द्या. मग दोन सेकंद पडद्यावर काहीच मजकूर नको आणि आवाजही नको, नुसती भिंत. “त्या आज दिसत नाहीत” हे त्यानंतर येऊ द्या आणि बोलून झाल्यावरही थोडा वेळ राहू द्या. आवाजी यांना त्यांचे दोन क्षण मिळतील आणि निःशब्द यांना भिंत पाहण्यासाठी मोकळे डोळे मिळतील. संहितेत त्या जागी तुम्ही खूण कोणती घालणार ते मात्र मला माहीत नाही, कारण खटपट्यांच्या रेषा संपल्या आहेत.

खटपट्या

`#` घालू नका. `Aegisub` मध्ये साधी फाईल उघडताना ज्या ओळीच्या सुरुवातीला ते चिन्ह असते, ती ओळ टीप समजली जाते. कंसात “थांबा” असे लिहा आणि माझी आज्ञा चालवण्याआधी तो शब्द काढून टाका.

चहाटळ

आणि काढायला विसरलात तर प्रेक्षक आपोआप थांबतील.

घाटमाथा

दोन सेकंदांची मोकळी भिंत लावून पाहिली. माझा मित्र म्हणतो, की आवाज बंद ठेवून पाहणाऱ्याला चित्रफीत अडकली असे वाटेल. कॅमेरा त्या वेळी इतका हळू सरकतो, की तो म्हणतो त्यात तथ्य आहे. आता “त्या आज दिसत नाहीत” हा तुकडा थोडा अलीकडे घेऊन, मोकळी जागा एका सेकंदावर आणून, निःशब्द यांना दोन्ही प्रती पाठवतो. तुम्हाला कोणती वाचता आली ते कळवा, त्याप्रमाणे लेण्याचा भाग पक्का करतो.